'इफ अंतर' आणि पुढे काहीच नाही

ऑफिसात तिला सगळे 'थांबा' म्हणायचे. पार्किंगच्या मशीनांसाठी प्रोग्रॅम बनवणारी छोटीशी कंपनी होती ती. बाकीचे लिहायचे, आणि त्यांनी लिहिलेलं मशीनमध्ये जाण्याआधी ही वाचायची. वाचता वाचता बोट वर करून "थांबा जरा" म्हणण्याची तिची सवय इतकी पक्की झाली, की तिचं खरं नाव हजेरीपुरतं उरलं. तिच्या शेजारच्या खुर्चीत बसायचा तो 'एक्सप्रेस'. प्रश्न पुरता तोंडातून बाहेर पडायच्या आत त्याचं उत्तर तयार असायचं, आणि बऱ्याचदा ते बरोबरही असायचं, हीच तर पंचाईत होती. एक्सप्रेस थांब्यावर थांबत नाही, हा विनोद ऑफिसात इतका घासला गेला होता की आता कुणी हसायचंही नाही.

दोघं जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता एका जुन्या फोरमवर डोकवायचे. घरबसल्या हौसेनं प्रोग्रॅम लिहिणारी माणसं तिथं आपला प्रोग्रॅम चिकटवायची आणि अडलेलं विचारायची. कुणाची कुंडीतल्या झाडांना पाणी घालायची यंत्रणा, तर कुणाचं कबुतरं हाकलायचं यंत्र. उत्तरं द्यायला पैसे मिळत नसत, पण रोजच्या पार्किंगच्या पावत्यांपेक्षा तिथं जीव रमायचा.

त्या दिवशी 'लिफ्टकाका' या नावानं एक नवा संदेश आला होता.

"सप्रेम नमस्कार. आयुष्यभर लिफ्टची दारं दुरुस्त केली. आता घरच्या दारासाठी एक प्रोग्रॅम लिहिला आहे. दाराला कॉन्टॅक्ट, म्हणजे दार हललं की कळवणारा खटका, लावला आहे. दार उघडलं किंवा लागलं की खालचं फंक्शन चालतं. बेल बरोबर वाजेल ना, हे कृपया पाहावं."

खाली प्रोग्रॅम होता. काकांनी सगळी नावं मराठीत ठेवली होती, ते बघूनच थांबाला हसू फुटलं. अगदी वर लिहिलं होतं, 'शांतता' म्हणजे सहाशे सेकंद. मग फंक्शन सुरू होत होतं. आत आधी 'आत्ता'ची वेळ घेतली होती. त्यातून 'शेवटची_बेल' वजा करून 'अंतर' काढलं होतं. पुढच्या ओळीत 'शेवटची_बेल'मध्ये 'आत्ता' भरलं होतं. मग, दार लागलं असेल तर इथूनच परत जा. आणि मग शेवटची ओळ:

इफ अंतर

त्यापुढे काहीच नाही. वाक्य नाही, पूर्णविराम नाही.

"शेपूट तुटलंय," एक्सप्रेस म्हणाला. तोंडात घास होता तरी त्याची बोटं चालू झाली होती. "पण पुढचं उघड आहे. अंतर शांततेपेक्षा जास्त असेल तर बेल वाजव. दुसरं काय असणार? दहा मिनिटांत दोनदा वाजू नये म्हणून केलंय. चांगलं लिहिलंय म्हाताऱ्यानं."

"थांब जरा."

"आलीच तू."

"बेल कुठं वाजते, ते दिसतंय का तुला?"

"पुढच्या ओळीत वाजणार ना!"

"ती ओळ कुठाय?"

एक्सप्रेसनं उत्तर पाठवूनही टाकलं होतं: "काका, पेस्ट करताना शेवट राहिलाय, पण लॉजिक झकास आहे. बिनधास्त वापरा."

थांबानं डबा बाजूला सरकवला. तिनं त्या मोजक्या ओळी पुन्हा वाचल्या, वरून खाली आणि मग खालून वर. न दिसणारं सोडून द्यायचं आणि उरलेलं काहीही असलं तरी दिसणाऱ्यातलं ज्याला धक्का लागत नाही, तेवढंच वेगळं काढायचं, ही तिची रोजची रीत होती. मग तिनं लिहायला घेतलं.

"काका, नमस्कार. तुमचा प्रोग्रॅम फंक्शनच्या मधेच तुटून आमच्यापर्यंत आला आहे. बेल वाजवणारी ओळ आम्हाला दिसतच नाही, त्यामुळे बेल बरोबर वाजेल की नाही, हे मी सांगू शकत नाही. इथलं दुसरं कुणीही सांगू शकणार नाही. पण दिसणाऱ्या भागावरून दोन गोष्टी नक्की सांगते. खाली काहीही लिहिलेलं असो, दार लागतं तेव्हा हे फंक्शन वरूनच परत फिरतं, तळापर्यंत जातच नाही. आणि दुसरी जास्त महत्त्वाची. 'शेवटची_बेल' असं नाव आहे, पण तिच्यात वेळ भरली जाते ती दार हललं की, बेल वाजो वा न वाजो. दार लागलं तरीही. म्हणजे तुमचं 'अंतर' शेवटच्या बेलपासूनचं नाही, दार शेवटचं हललं तेव्हापासूनचं आहे. त्यानं बिघडतं की नाही, हे पुढे तुम्ही त्या अंतराचं काय करता त्यावर आहे, आणि तेच दिसत नाही. माझा अंदाज आहे, पण अंदाजावर दार सोपवू नका. तोवर एक करून बघा. दार उघडा, लावा आणि लगेच पुन्हा उघडा. दुसऱ्यांदा बेल वाजते का? आणि उरलेला भाग कृपया परत पाठवा."

एक्सप्रेसनं तिच्या खांद्यावरून वाचलं. "अगं, दाराची बेल आहे ती. अणुभट्टी नाही."

"कुणाचं दार आहे, ठाऊक आहे तुला?"

"नाही."

"मलाही नाही."

एक्सप्रेस डब्याकडे वळला. मात्र थोड्या वेळानं त्यानं तिच्या उत्तरातली ती मधली ओळ स्वतःच्या पडद्यावर उघडली आणि मान वाकडी करून बघत बसला. वेळ आधी भरलीय. अट नंतर. "च्यायला," तो स्वतःशीच पुटपुटला.

चहाच्या वेळेला काकांचं उत्तर आलं. "ताई, तुम्ही सांगितलं तसं केलं. पहिल्यांदा वाजली. दुसऱ्यांदा नाही वाजली. तीनदा करून पाहिलं. उरलेला भाग पुन्हा पाठवतो."

आणि पुन्हा तोच प्रोग्रॅम, पुन्हा तिथंच तुटलेला. इफ अंतर. पुढे काहीच नाही.

"काकांना कॉपी करता येत नाहीये," एक्सप्रेस म्हणाला.

थांबा मात्र पडद्याकडे टक लावून बसली. हात थरथरून निवड चुकली असती, तर दोन्ही वेळा तंतोतंत एकाच अक्षरावर चुकली नसती. लांबीच्या मर्यादेमुळे कापला जावा इतका तो मजकूर मोठाही नव्हता. आणि आणखी एक गोष्ट तिला मघापासून खटकत होती. जो माणूस 'सप्रेम नमस्कार' लिहून सुरुवात करतो, तो 'कळावे' न लिहिता उठून जाईल? दोन्ही संदेशांना शेवटच नव्हता. निरोप नव्हता, सही नव्हती.

"फक्त प्रोग्रॅम नाही तुटलेला," ती म्हणाली. "काकांचं पत्रही तुटलंय. फोरम काहीतरी गिळतोय."

एक्सप्रेस एकदम ताठ बसला. हे मात्र त्याच्या आवडीचं काम होतं. त्यानं फोरमवर सरावाच्या पानावर लिहिलं, अंतर, मग 'पेक्षा लहान'चं चिन्ह आणि त्याला चिकटून शांतता, आणि शेवटी 'नमस्कार'. पाठवलं. पानावर उमटलं फक्त 'अंतर'. मग चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडून तेच लिहिलं, तर सगळं जसंच्या तसं आलं.

"सापडलं!" तो ओरडला. "जुनाट फोरम आहे. या चिन्हाला चिकटून अक्षर आलं, की त्याला वाटतं वेबपानाची खूण सुरू झाली. मग बंद करणारं चिन्ह मिळेपर्यंत सगळं पोटात. काकांच्या मजकुरात ते बंद करणारं चिन्ह कुठंच नाही, म्हणून थेट शेवटपर्यंत स्वाहा."

म्हणजे तुटलेली ओळ निदान 'अंतर लहान असेल तर' अशी सुरू होत होती. बेल वाजवायची अट नव्हती ती. बहुधा गप्प बसायची असावी. एक्सप्रेसनं ते मोठ्यानं म्हटलं आणि पुढे स्वतःच जोडलं, "बहुधा. बघितल्याशिवाय नाही."

थांबानं काकांना लिहिलं, की चूक तुमची नाही, फोरमची आहे. पडद्याचा फोटो काढून पाठवा. आणि प्रोग्रॅमच्या खाली तुम्ही आणखी काही लिहिलं होतं का?

फोटो आला. थोडा तिरपा होता, खिडकीचा उजेड पडद्यावर सांडला होता आणि कोपऱ्यात कुणाचं तरी कोपर आलं होतं, त्यावर निळ्या साडीचा काठ. पण ओळी स्पष्ट होत्या. अंतर शांततेपेक्षा लहान असेल तर परत जा. नाहीतर बेल वाजव. फंक्शन संपलं.

फोटोखाली काकांनी लिहिलं होतं: "ते सगळं गेलं होतं का? मी बरंच लिहिलं होतं. कुणीच त्याविषयी बोललं नाही, तेव्हा वाटलं, असेल, लोक कामात असतात. परत लिहितो.

"हे दार माझ्या बायकोसाठी आहे. ती प्राथमिक शाळेत शिकवायची. आख्खा मोहल्ला तिला बाई म्हणतो, मीही बाईच म्हणतो. दोन वर्षांपासून तिला विसरायला होतं. दुपारी ती शाळेत जायला निघते. मी आंघोळीला गेलो किंवा डोळा लागला की गेलीच. म्हणून आतून कुलूप घालतो आणि किल्ली गळ्यात बांधतो. ती दार वाजवत बसते. मला म्हणते, अहो, मी काय केलं, मला का कोंडलं? हे ऐकवत नाही. म्हणून बेल केली. ती बरोबर असेल तर कुलूप काढीन म्हणतो. काल एका सद्गृहस्थांनी बिनधास्त वापरा असं लिहिलं, तेव्हा कुलूप काढायला उठलोच होतो. तेवढ्यात ताईंचं उत्तर आलं, म्हणून राहू दिलं. कळावे, लोभ असावा."

काकांना तो आज दुपारचाच गोंधळ कालचा वाटला होता. त्यांचे दिवस तसेच एकमेकांत मिसळत असणार. एक्सप्रेस उठला आणि पाण्याची बाटली भरून आणायला म्हणून गेला. भरलेली बाटली तो टेबलावरच विसरला होता.

परत आला तेव्हा त्यानं पहिलं काम केलं ते आपलं उत्तर खोडायचं. नुसतं पुसलं नाही, खाली लिहिलं, "न पाहता लिहिलं होतं. चुकलं. काका, माफ करा." मग थांबाला म्हणाला, "फोन करू या का त्यांना? लिहून नको हे."

काकांनी नंबर पाठवला. मीटिंगची खोली रिकामी होती, तिथं दोघं स्पीकर लावून बसले.

"हं, बोला ताई." आवाज खर्जातला, सावकाश.

"काका, आता सगळं फंक्शन दिसतंय. बिघाड असा आहे. बाई बाहेर पडायला लागल्या, बेल वाजली, तुम्ही त्यांना आत आणून दार लावलंत. दार लावलं त्या क्षणापासून दहा मिनिटं बेल मुकी. त्या लगेच परत निघाल्या तर वाजणारच नाही. आणि दार जितक्यांदा हलेल तितक्यांदा ती दहा मिनिटं नव्यानं सुरू."

काका म्हणाले, "ती लगेचच परत निघते, ताई. आत आणलं की दोनच मिनिटांत. नेमकी तेव्हाच."

"वेळ भरायची ओळ बेल वाजवण्याच्या जोडीला न्यायची. बेल वाजली तरच वेळ भरायची. पण तेवढ्यानं भागत नाही. बेल वाजल्यापासून दहा मिनिटं ती तरीही गप्पच राहील. दहा मिनिटं कशाला ठेवलीत?"

"कॉन्टॅक्ट फडफडतो, एका उघडण्यात तीन-चारदा वाजते, ते एक."

"त्याला दोन-तीन सेकंद पुष्कळ झाले."

"ते मला माहीत आहे हो. लिफ्टलाही तसंच असतं." काकांनी आवाज उतरवला. "खरं कारण दुसरं आहे. बेल वाजली की ती दचकते. कानांवर हात ठेवून खाली बसते. एकदा वाजली तेवढी पुरे, असं वाटलं मला. म्हणून शांतता."

थांबानं फोटोतल्या ओळी पुन्हा वाचल्या. अंतर आणि शांतता, त्या दोन नावांकडे ती बघत राहिली. चूक ओळींच्या क्रमात होती, पण दहा मिनिटं ठेवण्यात चूक अशी नव्हतीच.

"बेल दारात कशाला हवी?" एक्सप्रेस एकदम म्हणाला. "काका, मी तो बिनधास्तवाला. बेल तुमच्या खिशात वाजू दे ना! वाजूही नको दे, नुसती थरथरू दे. मोबाइल थरथरतो तशी छोटी मोटर मिळते. बाईंना पत्ताच लागणार नाही. कितीही वेळा थरथरली तरी तुमचंच पोट हलेल."

काका हसले. हसू खोकल्यात गेलं. "हे बाकी डोक्यात आलं नाही. बेल म्हणजे दारात, असंच धरून बसलो."

तेवढ्यात पलीकडून बायकी आवाज आला, "कोण आहे हो? शाळेतून फोन आहे का?"

"नाही गं, दाराच्या कामाचा आहे," काका म्हणाले, पण फोन तोवर हातातून गेला होता.

"हॅलो. कोण बोलतंय? कितवीतला तू?"

एक्सप्रेसनं थांबाकडे बघितलं. थांबानं 'बोल' अशी मान हलवली.

"चौथीतला, बाई," तो म्हणाला.

"मग आवाज का असा? सर्दी झालीय?"

"हो बाई."

"गणितं झाली?"

"झाली, पण एक चुकलं. घाईत सोडवलं."

"आधी प्रश्न पुरता वाचायचा. किती वेळा सांगितलंय?" आवाज कडक होता, पण क्षणात मऊ झाला. "असू दे. उद्या आणून दाखव. रडायचं नाही हं."

"नाही रडत, बाई," एक्सप्रेस म्हणाला, आणि मीटिंगच्या खोलीच्या काचेतून बाहेर बघायला लागला.

काकांनी फोन परत घेतला तेव्हा थांबा म्हणाली, "काका, एक मात्र ऐका. मी जे सांगतेय ते या एका फंक्शनपुरतं. वीज गेली तर ते परत सुरू होतं का, मोटरची बॅटरी उतरली तर कळतं का, हे मी पाहिलेलं नाही. त्याबद्दल मला काहीच म्हणता येणार नाही. तेव्हा आधी काही दिवस कुलूप असू दे आणि तुम्ही जागे असताना पारखून घ्या."

"लिफ्टला दोन ब्रेक असतात, ताई," काका म्हणाले. "मी एकावर कधी कुणाला सोडलं नाही. घरच्या माणसाला कसा सोडीन?"

नंतरचे काही दिवस फोरमवरचा तो धागा वाढत गेला. काकांनी ओळ हलवली, 'शांतता' तीन सेकंदांवर आणली, बेलच्या जागी खिशातली मोटर जोडली आणि नवा प्रोग्रॅम चिकटवला, चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडून, शेवटच्या 'कळावे'सकट. थांबानं तो वाचला आणि वाचलेल्या भागाला होकार दिला. वीज गेल्यावर सुरू होण्याचं काम काकांनी स्वतःच पाहिलं. मेन स्विच पाडून पाडून शेजाऱ्यांच्या शिव्याही खाल्ल्या. बॅटरीचं एक्सप्रेसनं बघितलं. त्यानं एका संध्याकाळी फोरम चालवणाऱ्या माणसाशी तासभर हुज्जत घातली आणि ती गिळंकृत करणारी खोड काढायला लावली. तोवर, चिन्हाला चिकटून लिहू नका, अशी सूचना पानाच्या माथ्यावर लागली. खोड निघाल्यावर जुन्या कितीतरी संदेशांचे शेवट कुठं गेले असतील, या विचारानं थांबा हळहळली. ते परत मिळणार नव्हते. साठवतानाच ते कापले गेले होते.

दाराची परीक्षा घ्यायला काकांनी बाईंनाच बसवलं. त्यांना सांगितलं, दार उघडून लाव, परत उघड. बाईंना ते भारी आवडलं. प्रत्येक वेळी काका आतल्या खोलीतून "आलं!" म्हणायचे आणि त्या "शाब्बास" म्हणायच्या. काकांनी लिहिलं, की आमचा सगळा सकाळचा वेळ त्यात गेला आणि जेवण करपलं.

मग कितीतरी दिवस त्यांच्याकडून काही आलं नाही. एक्सप्रेस रोज डबा उघडायच्या आधी फोरम उघडायचा. "विचारू का?" असं तो म्हणायचा, आणि थांबा म्हणायची, "थांब जरा." एकदा तीच विचारायला निघाली होती, पण तेवढ्यात संदेश आला.

"सप्रेम नमस्कार. कुलूप काढलं. दिवसाचं. रात्रीचं आहे, ते राहू दे.

"काल दुपारी डोळा लागला होता. खिसा थरथरला. उठून पाहिलं तर बाई जिन्यात. चांगली साडी नेसली होती, हातात छत्री. मी म्हटलं, बाई, मीही येतो. त्या म्हणाल्या, पालकांना आत सोडत नाहीत, पण फाटकापर्यंत या. फाटकापर्यंत गेलो. सुट्टी झाली होती, पोरं बाहेर पडत होती. दोघं भिंतीला टेकून बघत उभे राहिलो. एका पोराच्या दप्तराचा पट्टा सुटला होता, तो तिनं बसवून दिला. मग मला म्हणाली, चला, आज लवकर सुटली. आणि माझा हात धरून घरी आली. आता रोज जातो. प्रोग्रॅमला काम उरलेलं नाही, पण असू दे.

"त्या चौथीतल्या मुलाची सर्दी बरी झाली का, असं ती विचारत होती. कळावे."

थांबानं स्क्रीन शेजारी वळवली. एक्सप्रेसनं शेवटपर्यंत वाचलं, पुन्हा एकदा वरून वाचलं, आणि उत्तर लिहायला घेतलं. बराच वेळ लागला त्याला.